गंजिफाचा जुना संच फिरत्या प्रदर्शनाला द्यायचाय : तपासणी आणि बांधाबांध कशी करू?

सुरंगी | ३ सप्टेंबर, रात्री ९.४०

आमचं गाव सावंतवाडीपासून जवळच. घरी पणजोबांच्या काळचा दशावतारी गंजिफाचा संच आहे. पत्ते १२० हवेत, आहेत ११९. कल्कीचा पंजा कधी गेला कुणालाच माहीत नाही. रंगवलेली लाकडी पेटी आहे, सरकत्या झाकणाची.

एक संस्था जुन्या खेळांचं प्रदर्शन भरवतेय. नोव्हेंबरात पुणे, मग नागपूर, मग मुंबई, सगळे मिळून सात महिने. काकांनी फोनवरच हो म्हणून टाकलं. आता त्यांचं पत्र आलंय की वस्तूचा स्थिती-अहवाल आणि पॅकिंगच्या सूचना तुम्ही लिहून द्या, २० सप्टेंबरला गाडी पाठवतो.

पत्त्यांवरची लाख काही ठिकाणी तडकलीय, थोड्या पत्त्यांचे टवके उडालेत. पावसाळ्यात पत्ते एकमेकांना किंचित चिकटतात, हलकेच सोडवावे लागतात. माझा बेत असा : पत्ते पेटीतच ठेवायचे, पेटीला बबल रॅप, आत सिलिका जेलच्या भरपूर पुड्या, बाहेरून थर्माकोलचा खोका. अहवाल म्हणून मोबाइलवर फोटो. काही चुकतंय का?

आंबोळी | ३ सप्टेंबर, रात्री ९.५८

आमच्या आजोबांनी असल्याच पत्त्यांर पैज लावून कोंबो जिकलेलो. पत्त्यांर चाय सांडली, तपकीर सांडली. तेव्हा काय झाला नाय, आता पुण्याक जाताना काय होतला?

भरतीओहोटी | ३ सप्टेंबर, रात्री १०.१५

११९ पत्त्यांचे किती येतील? एक कमी असल्याने भाव पडतो का? माझ्या ओळखीत एक घेणारे आहेत.

सुरंगी | ३ सप्टेंबर, रात्री १०.२०

विकायचा नाहीये हो. उसना द्यायचाय.

पेटीवाला | ४ सप्टेंबर, सकाळी ७.०५

थर्माकोल कशाला? पेंढा वापरा. माझी तिसरी पिढी हापूस पाठवतेय. पेंढ्यात बसवलेला आंबा घाटातून जाऊन मार्केटला उतरतो तरी साल दुखत नाही. पेंढा दबतो आणि परत उभा राहतो.

तळकोकणी | ४ सप्टेंबर, सकाळी ९.३०

आमचा अनुभव सांगतो, मग काय ते ठरवा. घरातली चित्रकथीची जुनी पानं एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला दिली होती. पोचपावती नाही, फोटो नाही, ‘आपलेच लोक आहेत’ म्हणून. परत आली ती लॅमिनेट करून! वर सांगतात, ‘आता शंभर वर्षं बघायला नको.’ एकाच्या मागे एक चिकटवलेले जुने कागद, त्यांना प्लॅस्टिकची गरम इस्त्री. बाबा आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. भांडावं तर आधी ती कशी होती याचा कागदच आमच्याकडे नव्हता.

जुनी_वही | ४ सप्टेंबर, दुपारी ३.१०

सुरंगीताई, संग्रहालयाच्या जतन विभागात माझी तीसेक वर्षं गेली. तुमच्या बेतातली सर्वांत धोक्याची गोष्ट सिलिका जेल आहे, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

गंजिफाचा पत्ता म्हणजे थर आहेत. मध्ये कागद किंवा कापड, चिंचोक्याच्या खळीने जोडलेलं. त्यावर पांढऱ्या मातीचा लेप, मग रंग आणि सर्वांत वर लाख. आतला कागद हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि सुकला की आकसतो. लाख तेवढी हलत नाही. तुमच्याकडे आत्ता घरातली आर्द्रता ८५ च्या आसपास असणार. कोरड्या सिलिकाच्या पुड्या घालून डबा बंद केलात की दोन दिवसांत आतली हवा वाळवंटासारखी होईल. आतला कागद आकसेल, वरचा कडक थर जागेवर राहील आणि जिथे आधीच तडा आहे तिथून कडा उचलल्या जातील. पुण्यात डबा उघडाल तेव्हा तळाशी रंगाचा चुरा दिसेल आणि सगळे ड्रायव्हरला शिव्या देतील. त्या बिचाऱ्याचा त्यात काही दोष नसेल.

बबल रॅपही लाखेला थेट लागता कामा नये. उन्हात उभ्या असलेल्या बंद टेम्पोत पारा पन्नाशीपार जातो, तेवढ्यात जुनी लाख मऊ पडते आणि त्यावर बुडबुड्यांचे गोल ठसे उठतात. ते पुसून जात नाहीत. पत्ते एकमेकांना चिकटतात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे लाख आत्ताच नरम आहे. अशा अवस्थेत २० सप्टेंबरला तो संच मी बांधणार नाही. गाडी पुढे ढकला.

पेटीवाल्यांचा पेंढा दबतो आणि उठतो हे खरंच आहे. पण त्यासोबत ओल येते, किडे येतात. आंबा चार दिवसांत खाऊन संपतो, पत्ते सात महिने फिरणार आहेत.

पेटीवाला | ४ सप्टेंबर, दुपारी ३.४०

चार दिवस? आमचा आंबा कुणी दोन दिवस ठेवत नाही.

सुरंगी | ४ सप्टेंबर, रात्री ८.५५

बाप रे. सिलिका तर मी मागवूनसुद्धा ठेवलीय, निळ्या दाण्यांची. मग कोरडं करायचंच नाही का? नागपूरला हवा कोरडीच असणार ना?

जुनी_वही | ५ सप्टेंबर, सकाळी ११.००

कोरडं करायचं, पण हळूहळू आणि ठरलेल्या पायरीपर्यंतच. ५५ च्या आसपास आणून तिथेच टिकवायचं.

आधी आर्द्रता मोजायचं स्वस्त मीटर घ्या. त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात स्वयंपाकाचं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला. झाकण आणि मीटर एका हवाबंद डब्यात ठेवून रात्रभर विसरा. आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, कारण ओल्या मिठाचा तो ठरलेला गुण आहे. मीटर ८१ दाखवत असेल तर तो त्या पट्ट्यात सहा जास्त सांगतोय, पुढे तेवढे वजा करत जा.

मग रबरी कडेचा मोठा प्लॅस्टिक डबा घ्या. पत्ते आत सुटे मांडा, रचून नाही. तुमचीच सिलिका वापरता येईल, पण अशी : घरात वातानुकूलित खोली असेल आणि तिथे सुधारलेलं वाचन ५५ च्या जवळ राहत असेल, तर सिलिका ताटात पसरून तिथे ठेवा आणि रोज वजन करा. वजन वाढायचं थांबलं की ती त्या हवेशी जुळली. आता ती ओल शोषेल तशी सोडेलही, डब्यातली हवा एका जागी धरून ठेवेल. फक्त एकदम ५५ ची घालू नका. आधी ७५ च्या आसपास जुळवलेली, आठवड्याने ६५ ची, मग ५५ ची. निळे दाणे मात्र बदला. तो निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो, घरात पोरंबाळं असतील. साधे पांढरे घ्या.

घरात एसी नसेल तर पाऊस सरून कोरडी हवा पडेपर्यंत थांबणं हाच उपाय.

वायंगणी | ५ सप्टेंबर, दुपारी १२.४५

मी मेकॅनिकल इंजिनियर, पॅकिंगचं थोडंफार कळतं. थर्माकोल नको हे बरोबर. पॉलिथिनचा जाड, दाट फोम घ्या, जितका घट्ट तितकं संरक्षण. डब्याच्या सहाही बाजूंनी चार इंच भरून टाका. मुंबई-गोवा महामार्गावर तेवढा लागेलच.

जुनी_वही | ५ सप्टेंबर, संध्याकाळी ६.२०

वायंगणी, फोमची जात बरोबर, हिशोब अर्धा. फोम धक्का खातो तो स्वतः दबून. पत्त्यांचा डबा भरून दोन-अडीच किलोचा. तो घट्ट फोमच्या अख्ख्या पाटावर ठेवला तर त्या वजनाने फोम दबतच नाही, मग तो फळीसारखाच वागतो आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट आत पोचतो. हलक्या वस्तूला फोम कमी जागेत द्यायचा : डब्याच्या आठ कोपऱ्यांना लहान चौकोनी गाद्या, मधला भाग मोकळा. गादी किती मोठी हे वजनावर ठरतं, फोम विकणाऱ्या चांगल्या कंपनीकडे त्याचे आलेख असतात.

वायंगणी | ५ सप्टेंबर, संध्याकाळी ६.५०

मान्य. मी पंप आणि मोटारी पाठवतो, त्या ऐंशी किलोच्या असतात. हलक्या वस्तूचा विचारच केला नव्हता. बाहेरचा खोका मात्र प्लायचाच करा, आणि स्क्रूने बंद करा. खिळे ठोकले की ते दणके आत जातात, आणि उघडताना पहार लागते ती वेगळीच.

आंबोळी | ५ सप्टेंबर, रात्री ९.१०

पंप आणि परशुराम एकाच टेम्पोत. जय हो.

सुरंगी | ७ सप्टेंबर, रात्री १०.३०

मिठाचा प्रयोग केला. मीटर ७९ दाखवत होता, म्हणजे चार जास्त. काल घरात ९२ होतं, म्हणजे खरं ८८. पत्ते चिकटतात यात नवल नाही.

आता अहवालाचं सांगा. आज मोबाइलने सगळ्या पत्त्यांचे फोटो काढले. फ्लॅशमुळे लाखेवर नुसता पांढरा डाग येतोय, तडे दिसतच नाहीत.

जुनी_वही | ८ सप्टेंबर, सकाळी १०.१५

फ्लॅश बंद. खोली अंधारी करा, पत्ता सपाट ठेवा आणि विजेरी टेबलाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडा. उचललेल्या कडेची लांब सावली पडते. प्रत्येक पत्त्याचे निदान तीन फोटो : समोरून साध्या उजेडात, समोरून आडव्या उजेडात आणि पाठ. शेजारी मोजपट्टी. फाइलचं नावही एकाच पद्धतीचं, म्हणजे `GNJ-034_front_raking.jpg` असं. क्रमांक पत्त्यावर लिहायचा नाही, त्याच्या कप्प्यावर लिहायचा.

पत्ता गोल, त्यामुळे ‘उजव्या कोपऱ्यात’ म्हणता येत नाही. त्याला घड्याळ समजा. चित्रातल्या देवाचं डोकं जिथे ते १२. मग असं लिहा : ‘वराहाचा वजीर. ४ वाजता, कडेपासून ५ मिमी आत, लाख आणि रंग ३ × २ मिमी उचललेले, खाली पांढरा लेप दिसतो, कडा स्वच्छ.’ शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. जुन्या टवक्याच्या कडा मळलेल्या असतात, तड्यात धूळ बसलेली असते. ताज्याच्या कडा पांढऱ्याशुभ्र. ताजा म्हणजे अजून चालू आहे. ‘बरी अवस्था’, ‘थोडा खराब’ असले शब्द अहवालात नकोत, त्यातून पुढे कुणालाच काही सिद्ध करता येत नाही.

उचललेली कडा बोटाने दाबून बघायची नाही, फुंकर मारायची नाही. आणि कुणी स्पिरिटने पुसा म्हणालं तर त्याला घरी बोलावू नका. लाख स्पिरिटमध्येच विरघळते.

तळकोकणी | ८ सप्टेंबर, सकाळी ११.४०

वजीर कुठला नि राजा कुठला हे नागपूरच्या माणसाला कसं कळायचं? फोटोवर नाव लिहाच. आमच्याकडे एक पान उलटं टांगलं होतं.

जुनी_वही | ८ सप्टेंबर, दुपारी ४.३०

तळकोकणींनी नकळत खऱ्या प्रश्नाला हात घातलाय. सुरंगीताई, बांधाबांध किती वेळा होणार ते मोजा. तुमच्या घरी एकदा, पुण्यात एकदा, नागपुरात, मुंबईत. चार वेळा बांधायचं, चार वेळा सोडायचं. तुम्ही हजर असाल बहुधा पहिल्या आणि शेवटच्या वेळी. मधल्या वेळी संध्याकाळी सात वाजता प्रदर्शन आवरताना, ज्याने हा संच कधी पाहिला नाही असा कुणीतरी ते करणार.

म्हणून सूचना त्याच्यासाठी लिहा. प्रत्येक थर काढताना फोटो घ्या आणि तेच फोटो उलट्या क्रमाने झाकणाच्या आतून चिकटवा. एका कप्प्यात एक पत्ता, कप्प्यावर क्रमांक, रिकामा कप्पा लगेच डोळ्यात भरेल असा. पत्त्याच्या वर-खाली सिलिकॉन लावलेला न चिकटणारा कागद. किराणा दुकानातला बटर पेपर नव्हे, तो बहुतेक वेळा साधाच असतो आणि नरम लाखेला चिकटतो. खोका मुक्कामी पोचल्यावर २४ तास बंदच ठेवायचा, हे बाहेर मोठ्या अक्षरात. आणि प्रत्येक मुक्कामी अहवालाच्या प्रतीवर त्यांनी बघून सही करायची, उतरवताना आणि भरतानाही. दोन सह्यांच्या मध्ये काही घडलं तर ते कुणाकडे घडलं हे कळतं.

पत्ते त्या रंगीत पेटीत मुळीच पाठवू नका. आत हलतात, एकमेकांवर घासतात. पेटी वेगळी बांधा.

आणि सगळे ११९ कशाला? प्रत्येक अवताराचे बारा पत्ते, त्यात राजा आणि वजीर ही खरी चित्रं. ते २० द्या. बाकीचे ९९ घरी.

सुरंगी | ८ सप्टेंबर, रात्री ९.००

संस्थेला विचारलं. त्यांना अख्खा संच टेबलावर गोलात मांडायचाय, ‘खेळ चालू आहे’ असं दिसावं म्हणून. आणि काका म्हणतात शब्द दिलाय.

चौकट | ९ सप्टेंबर, सकाळी ८.२०

कुडाळात माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. सोपा मार्ग सांगू का? २० पत्ते एका खोल चौकटीत बसवा, समोर ॲक्रिलिक, मागून पूर्ण बंद, जुळवलेली सिलिका पाठीमागच्या कप्प्यात. चौकट घरी एकदा बंद झाली की सात महिने कुणी पत्त्याला हात लावणार नाही. बांधायचं-सोडायचं ते चौकटीचं.

जुनी_वही | ९ सप्टेंबर, दुपारी १२.१०

चौकट, कल्पना मला आवडली, माझ्यापेक्षा बरी आहे. एकच अडचण. ॲक्रिलिक पुसलं की त्यावर स्थिर वीज येते आणि ती सुटे टवके वर ओढून घेते. काचेत तो त्रास नाही, पण काच वाटेत फुटली तर तुकडे पत्त्यांवर. वीज न धरणारं ॲक्रिलिक मिळतं, महाग असतं. टवके पक्के असतील तर साधं चालेल, सुटे असतील तर मी धजणार नाही. हे पत्ते हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

चौकट | ९ सप्टेंबर, दुपारी १२.३०

समोरची पाटी पत्त्यापासून इंचभर दूर ठेवली तर?

जुनी_वही | ९ सप्टेंबर, दुपारी १२.४८

फरक पडेल. पुरेसा पडेल का, यावर आमच्या विभागातच दोन मतं होती.

भरतीओहोटी | ९ सप्टेंबर, रात्री ९.२५

किंमतीचं विचारलं म्हणून सगळे हसले, पण विम्यासाठी किंमत लागणारच ना? मी विम्यातच होतो. रक्कम दोघांनी आधी लेखी मान्य करा, नंतर ‘बाजारभाव’ काढत बसू नका. विमा तुमच्या दारातून निघाल्यापासून परत दारात येईपर्यंतचा हवा, नुसता प्रदर्शनाच्या दालनातला नको. आणि एक पत्ता हरवला तर एका पत्त्याचे पैसे, की संच मोडला म्हणून संपूर्ण संचाची घटलेली किंमत? ते कलम वाचून घ्या. तुमच्याकडे आधीच एक कमी आहे, तेही अहवालात आलं पाहिजे, नाहीतर तो पंजा तिकडेच हरवला असं तुम्हीच म्हणताय असा अर्थ निघेल.

आंबोळी | ९ सप्टेंबर, रात्री ९.४०

भाऊंनी बाजी पलटवली.

सुरंगी | २१ सप्टेंबर, रात्री १०.०५

उशिरा लिहितेय. गाडी २० ला येऊ दिली नाही. दिवाळीआधी हवा कोरडी पडली तर ऑक्टोबरच्या शेवटी, असं कळवलंय. संस्था थोडी नाराज आहे. त्यांच्याकडे मागच्या वर्षीच्या दालनातल्या आर्द्रतेच्या नोंदी मागितल्या, पुण्याच्या आल्या, नागपूरच्या नाहीत. दालनातला एसी रात्री बंद करतात हे बोलता बोलता कळलं.

राजे आणि वजीर असे २० पत्ते आडव्या उजेडात तपासले, आईने विजेरी धरली. सतरा ठीक, जुनेच टवके, कडा मळलेल्या. वामनाचा राजा ७ वाजता आणि परशुरामाचा वजीर ११ वाजता, दोन्हीकडे कडा पांढऱ्या. तिसरा वराहाचा वजीर. तुमच्या उदाहरणातलाच निघाला, फक्त ४ नाही, ५ वाजता. हे तीन जाणार नाहीत. काका म्हणतात, तीन अवतार अर्धेच दाखवायचे तर लोक हसतील, त्यापेक्षा चिकटवून पाठवू. मी फेव्हिकॉलची बाटली लपवून ठेवलीय.

जुनी_वही | २२ सप्टेंबर, सकाळी ९.३०

फारच छान. त्या तिघांना जतनकाराकडूनच बसवून घ्या, तोवर आडवेच राहू देत. नागपूरच्या नोंदी मिळेपर्यंत करारावर सही करू नका. एसी रात्री बंद होत असेल तर चौकटींची बंद पेटी जवळजवळ अपरिहार्यच आहे. ॲक्रिलिकचं सतरा पक्क्या पत्त्यांपुरतं चालेल असं मला वाटतं. चौकट, इंचभराऐवजी दीड इंच जमेल का?

चौकट | २२ सप्टेंबर, सकाळी ९.५०

जमेल. पण मग खोली वाढते, पेटीवाल्यांच्या आंब्याच्या पेटीएवढी होईल.

पेटीवाला | २२ सप्टेंबर, सकाळी १०.०२

रिकाम्या पेट्या आहेत माझ्याकडे. पेंढा काढून देतो.